उलट्या गणिताचा ताळा: करासकट किमतीतून मूळ किंमत काढली, पण ती बरोबर आहे कशावरून?

२२ सप्टेंबर २०२५ला शाम्पू, टूथपेस्ट, आंघोळीचा साबण, बिस्किटं अशा रोजच्या वापरातल्या बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. माझ्यासारख्या किमतींवर काम करणाऱ्यांना ही आयती संधीच होती. प्रश्न साधा: कर कमी झाला, त्यातला किती फायदा गिऱ्हाईकापर्यंत पोचला? आधीची बिलं, नंतरची बिलं, शेजारी-शेजारी ठेवायची आणि बघायचं.

मी तसंच केलं. थोडी बिलं जमवली, एक्सेलमध्ये भरली, आणि उत्तर आलं की जवळपास प्रत्येक वस्तूत फायद्याचा पाचवा हिस्सा मधेच कुठेतरी अडकला आहे. ७७ टक्के, ७९ टक्के, ८१ टक्के. कंपनी कुठलीही असो, दुकान कुठलंही असो, आकडा त्याच गल्लीत. मला वाटलं, वा, काहीतरी सापडलं! गाईड मॅडमनी तक्ता बघितला आणि एकच प्रश्न विचारला: "अगं, इतकी वेगवेगळी दुकानं सगळी ठरवून सारखीच चोरी करतात का?"

चोरी दुकानदारांची नव्हतीच, माझ्या सूत्राची होती. आणि गंमत म्हणजे मी ताळा केला होता! तक्त्यात ताळ्याचा वेगळा रकाना होता आणि त्यात वरपासून खालपर्यंत शून्य फरक दिसत होता. तो ताळा कसा फसला आणि खरा ताळा कसा करायचा, हे आज सांगते. किमतीच्या कुठल्याही डेटावर काम करणार असाल तर ही भानगड तुमच्याही वाट्याला येणार आहे.

चुकीच्या गणिताचा ताळाही जुळतो

एक शाम्पू घेऊ. एमआरपी १५० रुपये. एमआरपी ही सगळे कर धरून असते, म्हणजे यात १८ टक्के जीएसटी आहे. मूळ किंमत किती?

मी घाईत केलं ते असं: १५०चे १८ टक्के म्हणजे २७. तो कर. १५० वजा २७ म्हणजे १२३. ती मूळ किंमत. ताळा: १२३ अधिक २७ बरोबर १५०. जुळलं!

जुळणारच. १५० मधून मी जे काही वजा करीन ते परत मिळवलं की १५० येणारच. २७च्या जागी ५० वजा केले असते तरी १०० अधिक ५० बरोबर १५० आलं असतं आणि रकान्यात शून्य दिसलं असतं. या ताळ्याने फक्त एवढंच कळतं की एक्सेलला बेरीज-वजाबाकी येते.

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला, "२७ हे १२३च्या किती टक्के?" मी कॅल्क्युलेटर काढला. २१.९५ टक्के. जीएसटीत २१.९५ टक्के असा दर अस्तित्वातच नाही. तिथेच सगळं उघडं पडलं.

कर लागतो मूळ किमतीवर, करासकट किमतीवर नाही. त्यामुळे मूळ किंमत १०० मानली तर करासकट किंमत ११८ होते. उलटं जायचं तर ११८ मधल्या १००च्या वाट्याला किती येतं ते काढायचं, म्हणजे १.१८ने भागायचं. १५० भागिले १.१८ बरोबर १२७.१२. कर २२.८८. आता तोच प्रश्न विचारा: २२.८८ हे १२७.१२च्या किती टक्के? १८. हा खरा ताळा. बेरीज जुळते का हे बघायचं नाही. कर भागिले मूळ किंमत याचं उत्तर कायद्यातल्या दराइतकं येतं का, हे बघायचं.

हे सूत्र माझ्या मनाचं नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ मध्ये ३५ क्रमांकाचा नियम नेमका यासाठीच आहे:

```
tax = total * rate / (100 + rate)
```

सीजीएसटी काढायचा असेल तर वर ९ आणि खाली ११८. एसजीएसटीचंही तसंच. खाली नेहमी सगळ्या दरांची बेरीज धरायची असते. इथे घसरायला होतं, कारण बिलावर सीजीएसटी ९ टक्के दिसला की हात आपोआप १०९ने भागायला जातो.

चूक किती मोठी?

दर दशांशात `r` धरला, तर वजाबाकीच्या पद्धतीने आलेल्या मूळ किमतीवर पुन्हा कर लावला की येणारी रक्कम खऱ्या एकूण रकमेपेक्षा बरोबर `r*r` एवढ्या हिश्शाने कमी भरते. १८ टक्क्यांना ०.१८ गुणिले ०.१८ म्हणजे ३.२४ टक्के. ५ टक्क्यांना फक्त पाव टक्का. म्हणजे ही चूक जास्त दराला मोठी आणि कमी दराला जवळपास अदृश्य.

माझ्या अभ्यासात घोळ झाला तो यामुळेच. आधीच्या बिलांना १८चा दर, नंतरच्यांना ५चा. चूक दोन्हीकडे सारखी असती तर निदान कापली तरी गेली असती. शाम्पूचंच बघा. खरी मूळ किंमत १२७.१२, त्यावर ५ टक्के लावले की नवी किंमत १३३.४७ हवी. म्हणजे १६.५३ रुपये उतरायला हवेत, ११.०२ टक्के. माझ्या चुकीच्या हिशोबात मूळ किंमत १२३, त्यामुळे नवी किंमत १२९.१५ हवी, म्हणजे २०.८५ रुपये उतरायला हवेत. आता कंपनीने इमानदारीत १३४ रुपये छापले तर खरा हिशोब म्हणतो की १६.५३ पैकी १६ रुपये उतरले, ९७ टक्के फायदा पोचला. माझा तक्ता म्हणतो २०.८५ पैकी १६, म्हणजे ७७ टक्के. कंपनीने अगदी पैशापर्यंत पूर्ण फायदा दिला असता तरी माझ्याकडे ७९ टक्केच दिसले असते. मला 'सापडलेला' पाचवा हिस्सा तो हाच.

याचंच एक भावंड आहे, तेही लक्षात असू द्या. "१८ वरून ५, म्हणजे किंमत १३ टक्क्यांनी उतरायला हवी" असं बोलताना आपण सगळेच म्हणतो. पण ते १३ टक्के मूळ किमतीचे आहेत. करासकट किंमत उतरायला हवी ११.०२ टक्क्यांनी, कारण १.०५ भागिले १.१८ बरोबर ०.८८९८. १३ धरून हिशोब केलात तर पूर्ण फायदा मिळूनही तुम्हाला ८५ टक्केच दिसेल. तुमच्या तक्त्यात सगळीकडे ७९ किंवा ८५च्या आसपासचे आकडे दिसले, तर दुकानदाराआधी स्वतःवर संशय घ्या.

उलटं जाऊन सुलटं परत येणं, आणि मधले दोन पैसे

दुसरा ताळा म्हणजे मूळ किंमत काढायची, तिच्यावर नव्याने कर लावायचा आणि आपण निघालो तिथेच परत येतो का ते बघायचं. माझा पहिला ताळा आणि हा, यात फरक एवढाच की इथे जुना कराचा आकडा वापरायचा नाही. कर नव्याने काढायचा, मूळ किमतीवरून.

हा ताळा चांगला आहे, पण पैशांपर्यंत गेलात की तो तुम्हाला घाबरवतो. १० रुपयांचा बिस्किटाचा पुडा घ्या, जुन्या १८ टक्क्यांचा. १० भागिले १.१८ म्हणजे ८.४७४५... दोन दशांशांपर्यंत ८.४७. त्यावर ९ टक्के सीजीएसटी ०.७६, एसजीएसटी ०.७६. बेरीज ९.९९. एक पैसा गेला कुठे?

आता नियम ३५च्या रस्त्याने जा, आधी कर काढा. १० गुणिले ९ भागिले ११८ म्हणजे ०.७६. असे दोन, १.५२. मूळ किंमत १० वजा १.५२ म्हणजे ८.४८. तिच्यावर पुन्हा ९ टक्के: ०.७६. दोनदा मिळवले की बरोबर १० रुपये. पूर्णांकन कुठल्या पायरीवर केलं यावर तो पैसा अवलंबून होता.

मला वाटलं, झालं, आधी कर काढायचा, प्रश्न मिटला. मग २० रुपयांचा पुडा घेतला. २० गुणिले ९ भागिले ११८ म्हणजे १.५३. दोन वेळा ३.०६. मूळ किंमत १६.९४. पुन्हा ९ टक्के: १.५२. बेरीज १९.९८! दोन पैसे कमी. बरं, मूळ किंमत १६.९५ धरून बघू: ९ टक्के १.५३, बेरीज २०.०१. एक पैसा जास्त. १६.९४ला १९.९८ आणि १६.९५ला २०.०१, मधे काहीच नाही. म्हणजे दोन्ही कर वेगवेगळे पैशापर्यंत पूर्ण केले, तर १८ टक्क्यांना बरोबर २० रुपये देणारी मूळ किंमत अस्तित्वातच नाही. मी हे वहीत तीनदा करून बघितलं, कारण विश्वास बसत नव्हता.

त्यामुळे ताळ्याला सूट द्यावी लागते. एका वस्तूच्या एका ओळीला, या पद्धतीने, फरक दोन पैशांपेक्षा जास्त होऊ शकत नाही. मी माझ्या तक्त्यात तीच मर्यादा ठेवली आहे. एखादी ओळ तीन पैशांनी जरी चुकली तरी ती पूर्णांकनाची चूक नाही, दुसरं काहीतरी आहे.

पण सूट दिली की तिच्या आडून चुकीचं सूत्रही आत शिरतं, आणि हे मला बरंच नंतर कळलं. १० रुपयांचाच पुडा, पण नव्या ५ टक्क्यांचा. वजाबाकीच्या पद्धतीने मूळ किंमत ९.५०. तिच्यावर अडीच टक्के ०.२४, दोनदा मिळवले की ९.९८. फरक दोन पैसे. पास! सूत्र चुकीचं आणि ताळा पास. खरी मूळ किंमत इथे ९.५२ आहे. म्हणून सूत्राची परीक्षा लहान किमतीवर आणि कमी दरावर घ्यायची नाही. ११,८०० रुपये आणि १८ टक्के द्या. बरोबर सूत्र १०,००० देईल. वजाबाकीवालं ९,६७६ देईल, आणि ३२४ रुपयांचा फरक कुठल्याही सूटीत लपत नाही.

मी वापरते तो कोड असा आहे. पायथनचं नेहमीचं `round()` मुद्दाम टाळलं आहे, कारण ते दशांश अपूर्णांक बायनरीत ठेवतं आणि `round(2.675, 2)` ला २.६८ ऐवजी २.६७ देतं. जिथे एकेका पैशाचा हिशोब चालू आहे तिथे हे परवडत नाही.

```python
from decimal import Decimal as D, ROUND_HALF_UP

def paise(x):
    return x.quantize(D("0.01"), ROUND_HALF_UP)

def reverse(total, rate):
    half = paise(total * rate / (2 * (100 + rate)))
    return total - 2 * half

def forward(base, rate):
    return base + 2 * paise(base * rate / 200)

for t, r in [("11800", 18), ("10", 18), ("20", 18)]:
    b = reverse(D(t), r)
    print(t, r, b, forward(b, r) - D(t))
```

शेवटच्या ओळीला -0.02 दिसलं की घाबरू नका, तो वरचा २० रुपयांचाच किस्सा आहे.

दर चुकला तर कुठलाच ताळा ओरडत नाही

आतापर्यंतचे दोन्ही ताळे सूत्राचे होते. पण वस्तूवर ५ टक्के कर असताना तुम्ही १८ धरलात, तर उलटं १.१८ने भागाल, सुलटं १.१८ने गुणाल आणि बरोबर घरी परत याल. कर भागिले मूळ किंमत हेही नेमकं १८ टक्केच येईल. दर बरोबर आहे का, हे गणिताच्या आतून कळूच शकत नाही. त्याला बाहेरचा साक्षीदार लागतो.

हा साक्षीदार बहुतेक वेळा बिलाच्या तळाशी बसलेला असतो. सुपरमार्केटच्या बिलावर खाली एक छोटा तक्ता छापतात: दर, टॅक्सेबल व्हॅल्यू, सीजीएसटी, एसजीएसटी. आपण तो न वाचता बिल चुरगळतो. आता वाचा. एकेका वस्तूची मूळ किंमत स्वतः काढा, एका दराच्या सगळ्या वस्तूंची बेरीज करा आणि ती त्या दरासमोर छापलेल्या टॅक्सेबल व्हॅल्यूशी लावून बघा. त्या दराच्या सात वस्तू असतील तर फरक फार तर दहा-बारा पैशांचा असेल. एक वस्तू चुकीच्या दरात टाकली असेल तर फरक रुपयांत दिसेल, आणि गंमत म्हणजे एका दरात जी वस्तू कमी पडते तीच दुसऱ्या दरात जास्त झालेली असते. चूक कुठली वस्तू आहे हे त्यावरूनच सापडतं.

एक सावधगिरी: सूट दिली असेल तर भागायचं ते सूट वजा केलेल्या रकमेला, एमआरपीला नाही. आणि बिलाच्या अगदी शेवटी 'राउंड ऑफ' म्हणून जे पैसे मिळवलेले किंवा कापलेले असतात, ते उलटं गणित करण्याआधी बाजूला काढा. त्यांच्यावर कर नसतो.

दर बदलाच्या तारखेजवळची बिलं तर खासच तपासा. २२ सप्टेंबरनंतरही दुकानात जुना माल होता आणि त्यावर जुनी एमआरपी छापलेली होती. आमच्यापैकी एकाने ऑक्टोबरात बिलाऐवजी बाटलीवरची किंमत लिहून आणली. १५० रुपये, तारीख ऑक्टोबरची, म्हणून तक्त्याने आपोआप ५ टक्के लावले. मूळ किंमत आली १४२.८६. आधीची होती १२७.१२. म्हणजे कंपनीने कराआडून किंमत १२.३८ टक्क्यांनी वाढवली असा सरळ आरोप तयार! पण १.१८ भागिले १.०५ करून बघा, १.१२३८ येतं. मूळ किमतीतली वाढ नेमकी एवढीच दिसली तर दोनच शक्यता उरतात. एकतर दुकानदाराने खरंच किंमत पैनेही खाली आणली नाही, नाहीतर तुम्ही जुनी किंमत नव्या दराने भागली. बिल हातात असेल तर कुठली ते एका मिनिटात कळतं. नसेल तर ती ओळ मी वापरत नाही.

काही दुकानांत तर हे गणित लागूच होत नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला नोंदणीशिवाय असू शकतो, किंवा कंपोझिशन योजनेत असू शकतो. कंपोझिशनवाला गिऱ्हाईकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही. तो स्वतःच्या उलाढालीवर थोडा कर भरतो आणि टॅक्स इन्व्हॉइसऐवजी 'बिल ऑफ सप्लाय' देतो. त्याच्या १५० रुपयांना १.१८ने भागून आलेला आकडा कागदावर सुंदर दिसतो, पण त्या दुकानात तशी कुठली किंमत नसते. बिलाच्या डोक्यावर काय लिहिलंय ते आधी बघा, मग भागाकार करा.

मूळ किंमत म्हणजे कोणाची?

सगळे ताळे जुळले तरी १२७.१२ या आकड्याला काय म्हणायचं हा प्रश्न उरतोच. ती कारखान्याची किंमत नाही. दुकानदाराने गिऱ्हाईकाला विकलेल्या मालाचं करपूर्व मूल्य आहे, आणि त्यात वितरकाचा नफा, दुकानदाराचा नफा, वाहतूक हे सगळं आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात मी तिला 'उत्पादकाची किंमत' म्हटलं होतं. ते खोडावं लागलं.

हॉटेलांच्या बाबतीत हे जास्त झोंबतं. १५ नोव्हेंबर २०१७ला रेस्टॉरंटवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आणला गेला. वातानुकूलित हॉटेलांना आधी १८ होता. पण त्याच वेळी त्यांना कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, मिळणं बंद झालं. समजा एका थाळीचं बिल आधी करासकट २३६ होतं आणि नंतर २२०.५० झालं. उलटं गणित करा: आधी मूळ किंमत २००, नंतर २१०. दोन्ही आकडे बरोबर, दोन्ही ताळे जुळतात. मूळ किंमत १० रुपयांनी वाढली हेही खरं. पण आधी तेल, गॅस, भाडं यांवरच्या करातून थाळीमागे जी वजावट मिळायची ती किती होती, हे त्या बिलात कुठेही नाही. ती १० रुपये असेल तर मालकाने काहीच खाल्लं नाही, ४ असेल तर ६ खाल्ले. त्यासाठी हॉटेलच्या खरेदीची बिलं लागतात, आणि ती मला अजून एकाही मालकाने दाखवलेली नाहीत. तोवर माझ्या तक्त्यात हॉटेलांच्या ओळींसमोर मूळ किंमत आहे, आणि 'फायदा किती पोचला' हा रकाना रिकामा आहे.